बत्तीस वजा करायचे, ते का?

गेल्या रविवारी आमचा पाव फसला.

ताईने न्यू जर्सीहून डिनर रोल्सची कृती पाठवली होती. त्यात दोन आकडे होते: यीस्ट भिजवायला ११० अंशांचं दूध आणि भाजायला ३५० अंशांचा ओव्हन. दोन्ही अर्थातच फॅरनहाइट. आमच्या ओटीजीवर मात्र सेल्सियस. ओव्हनचं काय करू, असं विचारलं तर ताई फोनवर म्हणाली, "अरे, सरळ निम्मं कर." ३५० चे निम्मे १७५. सूत्राने येतात १७६.७. म्हणजे झकासच की! मग त्याच न्यायाने मी दूधही ५५ अंशांपर्यंत तापवलं आणि यीस्ट घातलं. दहा मिनिटांत वर फेस यायला हवा होता. दूध ढिम्म. कारण ११० फॅरनहाइट म्हणजे ४३ सेल्सियस, आणि ५५ ला बिचारं यीस्ट मरतं.

एकच युक्ती ओव्हनला चालते आणि दुधाला का चालत नाही? गुन्हेगार आहे तो सूत्रातला ३२. आणि हा ३२ आला कुठून, ही गोष्ट मजेशीर आहे.

१७०८ साली डॅनियल फॅरनहाइट कोपनहेगनला ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञाला भेटला. प्रकाशाला वेग असतो हे गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवणारा तोच हा रोमर. त्याच्या तापमापीवर पाणी ६० ला उकळायचं, बर्फ साडेसातला वितळायचा आणि अंगाची ऊब साडेबावीसला यायची. हे अर्धे-मुर्धे आकडे फॅरनहाइटला खटकले. त्याने सगळ्याला ४ ने गुणलं: बर्फ ३०, अंग ९०. पुढे त्यात थोडा बदल करून त्याने ३२ आणि ९६ धरले. आता दोघांमधलं अंतर झालं ६४. काचेच्या नळीवर दोन खुणा करा आणि मधलं अंतर सहा वेळा निम्मं करत जा, की प्रत्येक अंशाची रेघ तयार! दोनाच्या घातांवर पोट भरणाऱ्या आम्हा लोकांना हा माणूस आपलाच वाटावा :) १७२४ साली त्याने ही मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यात शून्य होता बर्फ आणि क्षार यांच्या मिश्रणाचा. नंतर अंगाच्या उबेऐवजी उकळत्या पाण्याचा २१२ हा बिंदू पक्का धरला गेला, आणि म्हणूनच अंगाचं तापमान ९८.६ असं विचित्र झालं.

१७४२ साली स्वीडनमध्ये अँडर्स सेल्सियसने बर्फ ते उकळी या अंतराचे १०० भाग केले. गंमत म्हणजे त्याच्याकडे उकळी ० ला होती आणि बर्फ १०० ला. १७४४ साली तो गेल्यानंतर ही पट्टी उलटवली गेली. तेच अंतर फॅरनहाइटवर २१२ वजा ३२, म्हणजे १८०. १०० भागिले १८० म्हणजे ५/९. झालं सूत्र:

```
तापमान: C = (F - 32) * 5 / 9
फरक:    C = F * 5 / 9
```

दुसरी ओळ कशाला? अमेरिकन कृतींत बरेचदा लिहिलेलं असतं की काचेचं भांडं असेल तर ओव्हन २५ अंशांनी कमी ठेवा. हे २५ पहिल्या सूत्रात घातले तर उत्तर येतं उणे ४! खरं उत्तर आहे १४. १५ ऑगस्ट ही तारीख वेगळी आणि १५ दिवस हा कालावधी वेगळा, तसंच हे. ३२ हा फक्त शून्य सरकल्याचा हिशोब आहे. फरक काढताना तो आपोआप उडून जातो.

आता ताईच्या युक्तीकडे. निम्मं करणं अगदी अचूक ठरतं ते फक्त ३२० फॅरनहाइटला, म्हणजे १६० सेल्सियसला. तिथून दर १८ फॅरनहाइट दूर गेलात की १ सेल्सियसची चूक वाढते. केक-बिस्किटं ३२० च्या आसपासच भाजली जातात, म्हणून तिथे चूक दिसत नाही. ४५० ला ती ७ अंशांवर जाते: निम्मे २२५, खरे २३२. पिझ्झा जरा फिका राहील, एवढंच. ११० ला मात्र जवळजवळ १२ अंशांची चूक, आणि तीही यीस्ट मारणाऱ्या बाजूला.

उलट १७६.७ साठी खुंटी फिरवत बसण्यातही अर्थ नाही. जुन्या पुस्तकांत नुसतं 'मध्यम आचेचा ओव्हन' असायचं; ३५० हा त्याचाच गोळाबेरीज आकडा. शिवाय घरगुती ओव्हन चालू-बंद होताना बरेच अंश वर-खाली होतो. १८० लावा आणि केककडे लक्ष ठेवा.

असो. काल पुन्हा दूध तापवलं, या खेपेस ४३ ला. दहा मिनिटांत वर छान फेस आला. ताईला फोटो पाठवलाय. ती म्हणते, "मी फक्त ओव्हनचं सांगितलं होतं!" खरंय.