सुकेळी: साखरेआधीचा खाऊ

१९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे राज्यभर कारखाने वाढले आणि साखर रोजच्या डब्यात आली. त्याआधीपासून वसईत, आपल्या नागोठण्याकडे गोड खाऊ होता सुकेळी. पावसाळा सरला की पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची. काही दिवसांत ती मधासारखी तांबूस, चिवट होतात. साखर मुळीच घालायची नाही. दमट राहिली तर बुरशी धरते, आंबूस वास येतो; ती टाकावीत.

पण सुकवल्याने केळ्यातलीच साखर दाट होते. म्हणून चहानंतर बिस्किटाऐवजी अर्धंच सुकेळं, सोबत मूठभर शेंगदाणे. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गूळही साखरच, हे विसरू नका.