तीन सारख्या रीडिंगांची कुळकथा

बारावीच्या रसायनाच्या जर्नलमध्ये टायट्रेशनचा तक्ता ठरलेला असतो. आधी पायलट रीडिंग, मग १, २, ३ असे रकाने, प्रत्येकात फायनल, इनिशियल आणि फरक, आणि शेवटी एकच चौकट: सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. नेवाशाच्या कॉलेजात असो की पुण्याच्या, तिन्ही फरक ९.६ मि.लि. आले की पोरं सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढे ‘त्रुटीची कारणे’ लिहायची असतील तर ती मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलमधून उतरवली जातात: ब्युरेट नीट वाचली नाही, पिपेट नीट धुतली नाही, एखादा थेंब जास्त पडला. कोणत्या कारणाने उत्तर वर जातं, कोणत्याने खाली, आणि किती, याचा पत्ता नसतो.

ही चौकट आणि तिच्याखालची ती वाक्यं दोन वेगळ्या घराण्यांतून आली आहेत. आपल्याकडे चौकटीने वाक्यांना गिळून टाकलं.

टायट्रेशनची सुरुवात ओबडधोबड होती. १७२९ साली फ्रान्समध्ये क्लोद जोफ्रुआने व्हिनेगर किती तीव्र आहे हे पाहायला त्यात पोटॅश टाकलं आणि फसफस थांबेपर्यंत किती लागलं ते मोजलं. पुढे कापड पांढरं करणाऱ्या कारखान्यांत हीच युक्ती रुळली. तिथे ‘हा माल त्या मालापेक्षा बरा का’ एवढंच ठरवायचं असे. दशांशाच्या मागे लागायचं कुणाला कारण नव्हतं.

ते कारण चांदीने दिलं. नाण्यात शुद्ध चांदी हजारात किती भाग, हे ठरवण्याची जुनी रीत होती भट्टीची. चांदीचा तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवायचा. शिसं आणि तांबं मुशीत शोषलं जातं, चांदीचा मणी उरतो, तो तोलायचा. अनुभवी कारागिरांच्या हातचे आकडे एकमेकांशी छान जुळत, म्हणून शंका घ्यायला सहसा जागा वाटत नसे. पण शिशाबरोबर थोडी चांदीही मुशीत जाते आणि थोडी उष्णतेने उडते. म्हणजे चूक होती, आणि ती दर वेळी एकाच दिशेने होती: चांदी कमीच दिसायची. किती कमी, ते भट्टीच्या तापमानावर आणि शिशाच्या प्रमाणावर अवलंबून. सोन्याचांदीच्या व्यवहारात हजारी चार-पाच भाग म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे.

१८२९ पासून पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य पारखी होता जोसेफ लुई गे-लुसाक. त्याने भट्टी बाजूला ठेवून मिठाचं पाणी हाती घेतलं, आणि ही ओली पद्धत १८३२ साली पुस्तकरूपाने मांडली. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि मिठाचं द्रावण घालायचं, की पांढरा दह्यासारखा साका बसतो. मुख्य द्रावण असं बनवलेलं की त्याच्या १०० मि.लि.ने बरोबर १ ग्रॅम चांदी खाली बसावी. शेवटच्या टप्प्यासाठी त्याच्या एक दशांश ताकदीचं दुसरं द्रावण, ज्याचा १ मि.लि. म्हणजे १ मिलिग्रॅम चांदी, म्हणजे हजारातला एक भाग. हे एकेक मि.लि. घालायचं, बाटली जोरात हलवायची, साका बसू द्यायचा आणि वरच्या नितळ पाण्यात पुन्हा ढग उठतो का ते बघायचं. ज्या मि.लि.ने ढग उठला नाही तो मोजायचा नाही, आणि त्याच्या आधीचा अर्धाच धरायचा. म्हणून उत्तर हजारी अर्ध्या भागापर्यंत खरं, त्याच्या पुढे नाही. सार्थ अंकांचा नियम पाठ्यपुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी तो असा हातातून आलेला होता: रीतीला जेवढं दिसतं तेवढेच अंक लिहायचे.

मला त्याची दुसरी सवय जास्त मोलाची वाटते. मिठाचं द्रावण उन्हाळ्यात पसरतं, हिवाळ्यात आकसतं, हे तो जाणून होता. म्हणून परीक्षेच्या नाण्याबरोबर तो शुद्ध चांदीचा तोललेला तुकडाही त्याच द्रावणाने तपासत असे. उत्तर माहीत असलेल्या नमुन्यावर रीत चुकली तर किती चुकते ते कळतं, आणि तेवढी चूक अनोळखी नमुन्याच्या उत्तरातून काढता येते. भट्टीवाले आपापसात आकडे जुळवत राहिले. गे-लुसाकने ते शुद्ध चांदीशी जुळवले.

दोन प्रकारच्या चुकांची तात्त्विक वाटणी त्याच सुमारास जर्मनीत झाली होती, आणि ती रसायनात नव्हे तर खगोल आणि जमीनमोजणीत. कार्ल फ्रीडरिश गाउसने १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच चुका दोन कुळांत टाकल्या. एक यादृच्छिक, कधी वर कधी खाली जाणारी. दुसरी स्थिर, पद्धतशीर, प्रत्येक वेळी तशीच होणारी. सरासरी आणि लघुतम वर्गांचं त्याचं सगळं गणित पहिल्या कुळापुरतं आहे. दुसऱ्याला त्याने चक्क दाराबाहेर ठेवलं, कारण ती शोधून काढणं हे गणिताचं नव्हे, निरीक्षकाचं काम. आपण गाउसची सरासरी उचलली, अट मात्र विसरलो.

टायट्रेशन सर्वांच्या हातात आणणारा माणूस कार्ल फ्रीडरिश मोर. १८५५ मध्ये त्याचं टायट्रेशनवरचं पाठ्यपुस्तक निघालं, आणि रबरी नळीला चिमटा लावलेली त्याची ब्युरेट अजून काही प्रयोगशाळांत दिसते. त्याच मोरने पद्धतशीर चुकीचा एक नमुनेदार धडाही मागे ठेवला. त्याचा लिटर म्हणजे हवेत तोललेलं, १७.५ अंश सेल्सिअसचं १ किलो पाणी. खऱ्या लिटरपेक्षा तो सुमारे २.३ मि.लि.ने मोठा. सगळी भांडी मोरचीच असतील तर उत्तरात फरक पडत नाही, कारण चूक वर-खाली सारखीच येऊन छेदली जाते. पण मोरचा फ्लास्क आणि खऱ्या मापाची पिपेट एकत्र आली की प्रत्येक उत्तर सव्वादोन हजारांशाने सरकतं, आणि तिन्ही रीडिंगं जुळलेलीच राहतात. भारतातल्या कितीतरी काचभांड्यांवर ‘२७°से.’ असं छापलेलं असतं. आपल्या हवेला २० अंशांपेक्षा २७ जवळचं.

आता ही दोन कुळं एका जर्नलच्या पानावर पाहू. समजा नेवाशातल्या एका विद्यार्थ्याला पोटॅशियम परमँगनेटची तीव्रता काढायची आहे. ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ नॉर्मल द्रावण १० मि.लि. पिपेटने घेतलं, सौम्य सल्फ्युरिक आम्ल घातलं, गरम केलं आणि ब्युरेटमधून परमँगनेट सोडलं. फिका गुलाबी रंग टिकला तेव्हा रीडिंग आलं ९.६. पुन्हा ९.६. पुन्हा ९.६. गणित: १० × ०.१ ÷ ९.६. कॅल्क्युलेटर म्हणतो ०.१०४१६६६, आणि जर्नलमध्येही तेच उतरतं.

ब्युरेटवर ०.१ मि.लि.च्या खुणा आहेत. डोळ्याला अर्धी खूण कळते असं धरलं तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या रीडिंगची चूक मिळून वाईटात वाईट ०.१ मि.लि. होईल. म्हणजे ९.६ मध्ये एक टक्का इकडेतिकडे. उत्तर ०.१०३ ते ०.१०५ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, म्हणून ०.१०४ लिहावं. सार्थ अंकांचा नियम यांत्रिकपणे लावणारे म्हणतील, ९.६ मध्ये दोनच अंक, मग ०.१० लिहा. पण ०.१० मधला शेवटचा अंक एकाने हलला की दहा टक्के हलतात, आणि आपली मोजणी एवढी वाईट नाही. नियम अंक मोजतो. आपण चूक मोजावी.

शिक्षकांनी ते परमँगनेट आदल्या दिवशी तपासलेलं आहे: ०.१००० नॉर्मल. शेकडा त्रुटी म्हणजे मिळालेल्या आणि खऱ्या किमतीतला फरक, भागिले खरी किंमत, गुणिले १००. इथे ती सुमारे अधिक ४. हातात असलेली यादृच्छिक चूक एक टक्क्याची. ९.६ ऐवजी १०.० यायला हवं होतं, मधलं अंतर ०.४ मि.लि., जवळपास आठ थेंब. एखाद्या थेंबाने हे होत नाही, आणि तीनदा तर नाहीच.

मग चूक पद्धतशीर आहे आणि तिची दिशा ठाऊक आहे: परमँगनेट कमी लागलं. उतरवलेली बरीच कारणं इथेच गळतात. ब्युरेट पाण्याने धुऊन परमँगनेटने विसळली नसेल तर ते पातळ होऊन जास्त लागलं असतं. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं तर तपकिरी गाळ येतो आणि परमँगनेट पुन्हा जास्तच लागतं. रंग गडद होईपर्यंत ओतत राहिलं तरी जास्त. ब्युरेटच्या टोकात अडकलेला हवेचा बुडबुडा मधेच निघाला तर एकच रीडिंग वाढेल, तिन्ही नाहीत. गरमीत काचभांडं आणि द्रावण पसरलं म्हणावं, तर २७ वरून ३७ अंशांवर पाणी पसरतं अवघं तीन हजारांश, १० मि.लि.त ०.०३. उरतात तीनच संशयित. पिपेट कमी सोडते किंवा पाण्याने ओली होती. द्रावणाला ६०–७० अंशांवर न थांबवता उकळी फुटू दिली आणि थोडं ऑक्झॅलिक आम्ल मोडलं. किंवा ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावणच कमी ताकदीचं होतं.

पुढची पायरी तीच रीडिंगं चौथ्यांदा घेण्याची नाही. वेगळी, कोरडी २० मि.लि.ची पिपेट आधी ऑक्झॅलिक द्रावणाने विसळायची आणि तिने मोजायचं. २०.० आलं तर पहिली पिपेट दोषी. १९.२ आलं, म्हणजे टक्का तसाच राहिला, तर पिपेट सुटली. मग थर्मामीटर धरून ६५ अंशांवर थांबवून पाहायचं. तरीही १९.२ असेल तर फ्लास्ककडे वळायचं. २५० मि.लि. ०.१ नॉर्मल द्रावणाला १.५७६ ग्रॅम ऑक्झॅलिक स्फटिक लागतात. चार टक्के म्हणजे ०.०६३ ग्रॅम, वॉचग्लासला किंवा फनेलला चिकटून राहिलेल्या चिमूटभर स्फटिकांइतके. तिन्ही रीडिंगं एकाच फ्लास्कमधून आली, म्हणून जुळली.

सी.बी.आर.च्या चौकटीबद्दल माझी तक्रार इथे आहे. पायलट ९.६ आलं की दुसऱ्या वेळी ९.५ दिसलं तरी हात ९.६ लिहितो. यादृच्छिक चूक दडपली जाते आणि पद्धतशीर चूक जुळलेल्या आकड्यांआड लपते.

नेवासा तालुक्यात भेंडे आणि सोनई इथे साखर कारखाने आहेत, आणि साखरेच्या धंद्यात गे-लुसाकची सवय नोकरीचा भाग म्हणून शिकवली जाते. रसातली किंवा मळीतली रिड्यूसिंग शुगर काढायची रूढ रीत म्हणजे लेन आणि आयनन यांची १९२३ ची. फेहलिंगचं निळं द्रावण उकळत ठेवून त्यात ब्युरेटमधून साखरेचं द्रावण सोडतात. दोन मिनिटं उकळल्यावर मिथिलीन ब्लूचे थेंब टाकायचे आणि पुढच्या एका मिनिटात निळा रंग जाऊन विटकरी दिसला पाहिजे. उकळणं थांबलं तर हवा आत शिरते, निळा रंग परततो आणि रीडिंग वाढतं. वेळ बदलली तर उत्तर बदलतं, रसातल्या सुक्रोजनेही थोडं बदलतं, म्हणून लेन-आयननच्या तक्त्यांत सुक्रोजच्या प्रमाणानुसार वेगळे आकडे आहेत. आणि फेहलिंगची नवी बाटली उघडली की मळी तपासण्याआधी माहीत असलेल्या ताकदीच्या इन्व्हर्ट साखरेने तिचा फॅक्टर काढून बाटलीवर लिहावा लागतो. १० मि.लि. फेहलिंगला साधारण ०.०५ ग्रॅम साखर लागते. नेमकी किती, ते त्या बाटलीपुरतं आणि ते द्रावण उकळणाऱ्या हातापुरतं ठरतं.