४९९ डॉलरचा गेम कन्सोल तोट्यात का विकतात? लॉस लीडर, बंडल आणि ९ च्या किमतींमागचं गणित

नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने अमेरिकेत प्लेस्टेशन ३ आणला. २० जीबीच्या मॉडेलची किंमत होती ४९९ डॉलर आणि ६० जीबीची ५९९. तेव्हा हे महाग वाटलं होतं. पण आतला सेल प्रोसेसर आणि ब्लू-रे ड्राइव्ह इतके महाग होते की या किमतीतही सोनीला प्रत्येक कन्सोलमागे तोटाच होत होता.

हा तोटा मुद्दाम घेतलेला होता. अशा वस्तूला ‘लॉस लीडर’ म्हणतात. कन्सोल एकदाच विकला जातो, गेम्स मात्र वर्षानुवर्षं विकले जातात. दुसऱ्या कंपनीने बनवलेला गेम विकला गेला तरी त्यातला वाटा कन्सोलवाल्याला मिळतो. म्हणजे कन्सोल हे दार, आणि कमाई दाराच्या आत. फक्त एक अट आहे: आत आलेल्या माणसाने पुढे खरेदी केली पाहिजे.

ती अट मोडली की काय होतं, हेही याच कन्सोलने दाखवलं. सुरुवातीला प्लेस्टेशन ३ वर लिनक्स टाकता यायचं. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १,७०० हून जास्त प्लेस्टेशन एकमेकांना जोडून ‘कॉन्डोर क्लस्टर’ नावाचा सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्यांच्यासाठी तो स्वस्तातला प्रोसेसर होता, गेम घ्यायचा प्रश्नच नव्हता! अशा गिऱ्हाइकाकडून वरची कमाई शून्य. (एप्रिल २०१० च्या अपडेटमध्ये सोनीने लिनक्सची सोय काढून टाकली. कारण मात्र सुरक्षेचं दिलं.)

आता बंडल, म्हणजे दोन-तीन वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकणं. यातली गंमत आकड्यांतच कळते. समजा, सायलीला फुटबॉलचा गेम ३,००० रुपयांचा वाटतो आणि कार रेसचा १,००० चा. रोहनचं बरोबर उलटं: रेस ३,०००, फुटबॉल १,०००. दोन्ही गेम सुटे, प्रत्येकी ३,००० ला ठेवले तर दोघं एकेकच घेतील. दुकानदाराचे झाले ६,०००. प्रत्येकी १,००० ला ठेवले तर दोघं दोन्ही घेतील, पण जमा होतील फक्त ४,०००. दोन्ही मिळून ४,००० चा बंडल केला तर? दोघंही घेतील आणि गल्ल्यात ८,००० येतील.

म्हणजे बंडलमुळे कमाई वाढते ती आवडी वेगवेगळ्या असल्यामुळे. दोघांनाही फुटबॉलच जास्त आवडत असता, तर फुटबॉल ३,००० आणि रेस १,००० असे सुटे विकूनही तेच ८,००० मिळाले असते. शिवाय गेमची डाउनलोड कॉपी बनवायला जवळपास काहीच खर्च येत नाही, म्हणून नको असलेला गेम गळ्यात मारणं परवडतं. ओटीटी आणि रिचार्जच्या एकत्र प्लॅनमागेही बरंचसं हेच गणित आहे.

वस्तू खरीखुरी असेल तर हेच अंगाशी येतं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा किनेक्ट कॅमेऱ्यासोबतच विकायचं ठरवलं. किंमत ४९९ डॉलर. समोर प्लेस्टेशन ४ होता ३९९ ला. कॅमेरा बनवायला पैसे लागतात, पण बऱ्याच गेमर्सना तो नकोच होता. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कॅमेऱ्याशिवायचा एक्सबॉक्स आणला. किंमत? ३९९.

४०० नाही, ३९९. आपण किंमत डावीकडून वाचतो, त्यामुळे ‘तीनशे काहीतरी’ हेच डोक्यात बसतं. गंमत म्हणजे अमेरिकेत विक्रीकर बिलात वरून लागतो, म्हणजे बहुतेक राज्यांत काउंटरवर ४०० च्या वरच जातात. तरी लेबलवरचा ९ काम करतो. एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांनी २००३ मध्ये छापलेल्या प्रयोगात तोच ड्रेस कॅटलॉगच्या वेगवेगळ्या प्रतींत ३४, ३९ आणि ४४ डॉलरला ठेवला होता. सगळ्यात जास्त खपला ३९ वाला, स्वस्त ३४ वाल्यापेक्षाही! याचा अर्थ फक्त डावा आकडा महत्त्वाचा नाही, कारण ३४ आणि ३९ दोन्ही तीनानेच सुरू होतात. शेवटचा ९ पाहून लोक ‘ही सवलतीची किंमत असणार’ असं धरून चालतात. वस्तू नवी असेल, तिची योग्य किंमत माहीत नसेल, तेव्हा हा परिणाम जास्त दिसला. आणि वस्तूवर आधीच ‘सेल’ असं लिहिलेलं असेल, तर ९ चा जोर बराच कमी झाला.