सदोष वस्तूच्या तक्रारीला उत्तर

विकलेली वस्तू सदोष निघाल्यावर ग्राहकाने केलेल्या तक्रारीला विक्रेत्याने किंवा उत्पादकाने दिलेले लेखी उत्तर. त्याचे दोन भाग असतात. पहिल्यात ग्राहकाला झालेला त्रास ऐकला आणि मानला गेल्याची खूण असते. दुसऱ्यात कोण, काय, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने करणार, हे ठरवून सांगितलेले असते. एकच भाग असला तर उत्तर फसते. नुसत्या सहानुभूतीने मिक्सर सुरू होत नाही, आणि एका ओळीत ‘बदलून मिळेल’ एवढेच कळवले तर हक्काची वस्तू भीक घातल्यासारखी पदरात पडते.

ही नोंद घरगुती मिक्सरच्या एका नमुना तक्रारीवरून मांडली आहे. तक्रार अशी : ‘बारा दिवसांपूर्वी तुमचा ७५० वॅटचा मिक्सर घेतला. परवा इडलीचं वाटताना जळका वास आला, थोडा धूर निघाला आणि मिक्सर बंद पडला. रविवारी घरी मुलीचा साखरपुडा आहे. दुकानात गेले, तर ते म्हणाले सर्व्हिस सेंटरला फोन करा. तिथे दोन दिवस कोणी फोन उचलत नाही.’

या मजकुरात दोन दुखणी आहेत. मिक्सर जळाला हे पहिले; दुकानाने सेंटरकडे बोट दाखवले आणि सेंटरने फोन घेतला नाही, हे दुसरे. दुसरे बहुधा पहिल्यापेक्षा जास्त झोंबलेले असते. उत्तर लिहिणारा मात्र वस्तूचा जाणकार असल्यामुळे मोटरकडे वळतो आणि फोनचा उल्लेखच करत नाही. त्यामुळे तक्रार वाचताना प्रत्येक दुखण्याखाली रेघ मारावी आणि उत्तर पाठवण्याआधी प्रत्येक रेघेला जबाब मिळाला का, ते ताडून पाहावे. साखरपुडा ही तिसरी रेघ. ती दुखणे नसून मुदत आहे, आणि तोडगा कोणता निवडायचा हे तीच ठरवते.

सहानुभूतीची ठरीव वाक्ये. मराठी व्यवहारात सर्वांत रुळलेले वाक्य ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे आहे. रेल्वेच्या फलाटावरही ते इतके ऐकू येते की कान त्याची दखलच घेत नाही. ठरीव वाक्य वापरण्यात गैर काही नाही. सांत्वनाला जाणाराही ठरावीकच शब्द बोलतो. मात्र कोणता शब्द काय कबूल करतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक हवे. ‘दिलगीर’ हा फारसीतून आलेला शब्द मन खिन्न झाल्याचे सांगतो. चूक कोणाची, याबद्दल तो काहीच बोलत नाही. ‘क्षमस्व’ हे संस्कृत आज्ञार्थी रूप ग्राहकाकडे क्षमा मागते, म्हणजे देण्याचे काम त्याच्यावर टाकते. ‘चूक आमची आहे’ हे तिघांतले सर्वांत जड वाक्य. ते जिथे खरे असेल तिथेच लिहावे, पण तिथे अवश्य लिहावे. आपल्या उदाहरणात दोन दिवस फोन उचलला गेला नाही ही निर्विवाद कंपनीची चूक आहे. मोटर का जळाली हे अजून कोणी उघडून पाहिलेले नाही.

हा फरक सांभाळला की माफी म्हणजे कायदेशीर कबुली होईल का, ही उत्पादकांची भीती बरीच कमी होते. ‘बारा दिवसांत मिक्सर बंद पडायला नको होता’ हे वाक्य अपेक्षा सांगते, कारण सांगत नाही. ग्राहकाला त्या घडीला कारणापेक्षा हेच ऐकायचे असते.

तीन रचना मात्र टाळाव्यात. ‘गैरसोय झाली असल्यास’ यातील ‘असल्यास’ ग्राहकाच्या सांगण्यावर संशय घेते. ‘दिलगीर आहोत, परंतु’ यातील ‘परंतु’ आधीचे सगळे पुसून टाकतो. ‘तुमच्या भावना आम्ही समजू शकतो’ हे वाक्य कोणत्याही तक्रारीला चालते, म्हणूनच या तक्रारीला चालत नाही. ठरीव वाक्य जिवंत करण्याचा उपाय साधा आहे : त्यात ग्राहकाने लिहिलेला निदान एक तपशील त्याच्याच शब्दांत घालावा. ‘घरात साखरपुडा तोंडावर आलेला असताना’ एवढ्या शब्दांनीही पत्र खरोखर वाचले गेल्याचे कळते.

नुसत्या माफीचे बळ किती, याचा एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीतील एका ऑनलाइन विक्रेत्याबद्दल नापसंतीचा शेरा देणाऱ्या ग्राहकांपैकी काहींना माफीचे पत्र गेले, काहींना शेरा मागे घेण्यासाठी थोडे पैसे देऊ केले. माफी मिळालेल्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांनी शेरा मागे घेतला. पैसे देऊ केलेल्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. यावरून माफी पैशांपेक्षा स्वस्त पडते एवढाच अर्थ काढणे धोक्याचे आहे. तिथे प्रश्न एका शेऱ्याचा होता. जळालेला मिक्सर ओट्यावर समोर असताना तेवढीच माफी पुरेल, असे मानायला तो प्रयोग आधार देत नाही.

निदानाचा प्रश्न. तोडगा लिहिण्याआधी बिघाडाचा अंदाज घ्यावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा तक्रारीच्या शब्दांतच असतो. बऱ्याच मिक्सरच्या तळाशी किंवा मागे जादा भार आल्यावर उडणारे बटण असते. वास न येता मिक्सर एकदम थांबला, तर बहुधा ते बटण उडालेले असते. मिक्सर गार होऊ दिल्यावर बटण दाबले की तो सुरू होतो. मोटरचा आवाज येतो पण पाते फिरत नाही आणि वास रबराचा असतो, तेव्हा भांडे व मोटर जोडणारा कपलर झिजलेला किंवा तुटलेला असतो. धूर, जळका उग्र वास आणि त्यानंतर नुसती घरघर किंवा पूर्ण शांतता, हे मोटरचे वाइंडिंग जळाल्याचे लक्षण आहे. आपल्या ग्राहकाने धूर लिहिला आहे. तिला ‘तळाचे लाल बटण दाबून पाहा’ असे कळवणे म्हणजे पत्र वाचलेच नाही हे सांगणे, शिवाय जळालेले यंत्र पुन्हा विजेला जोडायला लावणे. धूर, ठिणगी किंवा शॉक यांचा उल्लेख असला की उत्तरातली पहिली सूचना सुरक्षेची असावी, माफीच्याही आधी.

नमुना उत्तर असे :

‘नमस्कार ताई, मिक्सरचा प्लग काढून ठेवा आणि तो पुन्हा लावून पाहू नका. धूर निघाला म्हणजे मोटर जळाली असावी. बारा दिवसांत असं व्हायला नको होतं, तेही घरात साखरपुडा तोंडावर आलेला असताना. दुकानाने तुम्हाला आमच्याकडे पाठवलं आणि आमचा फोन दोन दिवस कोणी घेतला नाही, ही चूक आमची आहे. त्याबद्दल माफी मागतो. उद्या, शुक्रवारी, दुपारी १२ ते ३ या वेळात आमचा माणूस नवा मिक्सर घेऊन घरी येईल, तुमच्यासमोर चालवून दाखवेल आणि जुना घेऊन जाईल. याचा काही खर्च तुम्हाला येणार नाही. बदली नको असेल तर पूर्ण रक्कम परत करू. तसं आज संध्याकाळपर्यंत याच क्रमांकावर कळवा. बिलाचा फोटो पाठवलात तर पुरे. ही वेळ सोयीची नसेल किंवा ३ वाजेपर्यंत कोणी आलं नाही, तर थेट मला फोन करा.’ खाली लिहिणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि तो स्वतः उचलतो तो क्रमांक.

याच तक्रारीला एरवी जाणारे उत्तर असते : ‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली असून लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ व्याकरणात यात दोष नाही, पण ‘पाठवण्यात आली’ आणि ‘करण्यात येईल’ या कर्मणी रूपांतून करणारा माणूसच नाहीसा होतो. ‘लवकरात लवकर’ला तारीख नाही. ‘योग्य ती’मध्ये काय मिळणार ते नाही. नमुना उत्तरात याउलट प्रत्येक क्रियेला कर्ता आणि वेळ आहे. निवड ग्राहकाच्या हाती आहे, कारण साखरपुड्यापुरता शेजारचा मिक्सर आणून ती पैसेच परत मागू शकते. तिच्याकडून मागितलेली गोष्ट एकच, तीही तिच्या हातात असलेली. वचन मोडले तर काय करायचे, हेही आधीच सांगितले आहे. माझ्या मते ते शेवटचे वाक्यच या पत्रातले खरे सहानुभूतीचे वाक्य आहे. न उचललेल्या फोनचा अनुभव असलेल्या माणसाला आधार वाटतो तो त्याचा.

वेळ लिहिताना स्वतःशी कठोर असावे. माणूस शनिवारीच मोकळा असेल तर शुक्रवार लिहू नये. चुकलेली तारीख ही नवी तक्रार असते, आणि तिच्या उत्तरात पहिलीच माफी पुन्हा चालत नाही.

कायद्याची चौकट. भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. बिलावर किंवा पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बाराव्या दिवशी आलेल्या तक्रारीत म्हणूनच ‘खास बाब म्हणून’ किंवा ‘सद्भावनेपोटी’ हे शब्द चुकीचे आहेत. मिळणारी गोष्ट उपकार नाही. दुकानात ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असली तरी सदोष मालाबाबत तिचा आडोसा घेता येत नाही. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार पोचल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. पोच आणि उत्तर एक नव्हे, हे विक्रेते अनेकदा विसरतात. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि त्यापुढे जिल्हा आयोगाची वाट मोकळी असते.

दोष वस्तूचा नसेल तेव्हा. जुना झालेला मिक्सर तपासणीत उघडला आणि अख्खे हळकुंड सतत दळल्याने पाते वाकलेले व मोटर तापलेली आढळली, तर नकार द्यावा लागतो. तो देतानाही पद्धत तीच : त्रास मानावा, काय आढळले ते फोटोसह दाखवावे, पुस्तिकेतली नेमकी सूचना कोणती ते सांगावे आणि दुरुस्तीचा खर्च आकड्यात द्यावा. ‘तुम्ही चुकीचा वापर केला’ असे लिहू नये. ‘या मोटरला हळकुंडाचा भार पेलत नाही’ असे लिहावे. सत्य तेवढेच राहते आणि माणसावर बोट रोखले जात नाही. तपासणीआधी असा नकार कधीच देऊ नये.

उत्तरानंतर. बदली मिक्सर पाठवण्याआधी तो पाणी घालून चालवून पाहावा. दुसरी वस्तूही सदोष निघाली तर कोणतेही वाक्य कामाला येत नाही. परत आलेल्या मिक्सरच्या तळपट्टीवरचा बॅच क्रमांक नोंदवावा. त्याच बॅचचे आणखी मिक्सर बाराव्या, पंधराव्या दिवशी धूर काढू लागले असतील, तर पुढचे पत्र ज्यांनी अजून तक्रार केलेली नाही अशा ग्राहकांना जायला हवे, आणि तेही प्लग काढून ठेवा या वाक्यानेच सुरू व्हायला हवे.