चहात ढवळलेले क्रिएटिन : उष्णतेपेक्षा आंबटपणा घातक

भडगाव - गिरणाकाठच्या या तालुक्यात मे महिन्यात पारा ४०-४२ अंशांच्या पुढे सरकणे नवे नाही. व्यायामशाळेत जाणारी तरुण मंडळी सकाळीच बाटलीत क्रिएटिनची पावडर घोळून ती दिवसभर सोबत बाळगतात, तर काही जण ती थेट चहात टाकतात. गरम चहात पावडर 'मरते' आणि पाण्यात ठेवली तर तिचे विष होते, असे दोन समज त्यांच्यात रूढ आहेत. पहिला बव्हंशी चुकीचा आहे. दुसऱ्यात थोडे तथ्य आहे, मात्र विषाचा भाग त्यात नाही.

कोरडी पावडर अत्यंत टिकाऊ असते. डबा कोरडा आणि घट्ट बंद असल्यास खानदेशातील उन्हाळा ती सहज सोसते. पाण्यात विरघळल्यानंतर मात्र क्रिएटिनच्या रेणूची दोन टोके एकमेकांना जुळतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि क्रिएटिनिन तयार होते. स्नायूंना त्याचा उपयोग नाही. मात्र ते परके द्रव्यही नव्हे. शरीरातील क्रिएटिनपैकी सुमारे दोन ग्रॅम रोज याच रीतीने बदलून लघवीवाटे बाहेर पडते.

हा बदल किती वेगाने होईल हे मुख्यतः द्रवाच्या आंबटपणावर, म्हणजे सामूवर (पीएच) ठरते. २५ अंश तापमानात तीन दिवस ठेवलेल्या द्रावणात सामू ५.५ असता सुमारे ४ टक्के, ४.५ असता १२ टक्के आणि ३.५ असता २१ टक्के क्रिएटिन नष्ट झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. सामू सातच्या आसपास असेल तर ते बरेच स्थिर राहते. गंमत अशी, की सामू अडीचच्या खाली गेला की हा बदल पुन्हा मंदावतो. जठरातील तीव्र आम्लात क्रिएटिन फारसे नष्ट होत नाही, ते यामुळेच.

आता चहाचा हिशेब पाहू. दुधाचा चहा किंचितच आम्लधर्मी असतो. तरीही सामू ५.५ धरला, तर २५ अंशांना तासाला जेमतेम ०.०६ टक्के नाश होतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की वेग ढोबळमानाने दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे ६५ अंशांच्या कपात तो १६ ते ८० पट होईल. चहा पिण्यास पंधरा मिनिटे लागली, तरी पाच ग्रॅममधील तोटा फार तर एक टक्का, म्हणजे ०.०५ ग्रॅम. १९९२ मध्ये रॉजर हॅरिस व सहकाऱ्यांनी क्रिएटिनवरील प्रसिद्ध प्रयोगात ते कोमट ते गरम पाण्यातच विरघळवून दिले होते आणि स्नायूंतील साठा वाढल्याचे दिसले होते. अर्थात हा हिशेब कपातल्या चहाचा आहे. पातेल्यात पावडर टाकून चहा उकळत ठेवला, तर तो लागू पडणार नाही.

बाटलीचे गणित वेगळे आहे. सकाळी सहाला लिंबू सरबतात मिसळलेली मात्रा ४० अंशांच्या उन्हात संध्याकाळी सहापर्यंत राहिली आणि सरबताचा सामू ३.५ धरला, तर वरील प्रमाणानुसार १० ते २० टक्के, म्हणजे पाच ग्रॅममागे अर्धा ते एक ग्रॅम वाया जाईल. ताकात तोटा साधारण याच्या निम्मा आणि साध्या पाण्यात तर फार तर तीन-चार टक्के. फ्रिजमध्ये बदल मंदावतो, थांबत नाही. काही वर्षांपूर्वी द्रवरूपात विकल्या गेलेल्या 'क्रिएटिन सीरम'च्या तपासणीत क्रिएटिन नावापुरतेच सापडले होते.

डोळ्यांनी मात्र यातले काही ओळखता येत नाही. पेल्याच्या तळाशी बसलेली पांढरी भुकटी बिघाडाची खूण समजून फेकली जाते, ही खरी फसगत. एक लिटर पाण्यात २० अंशांना सुमारे १४ ग्रॅम, ६० अंशांना ४५ ग्रॅम, तर ४ अंशांना अवघे ६ ग्रॅम क्रिएटिन विरघळते. २५० मिलिलिटरच्या पेल्यात २० अंशांना साडेतीन ग्रॅमच मावते. उरलेला दीड ग्रॅम तळाशी राहतो, तो उत्तम क्रिएटिनच असतो आणि पाणी घालून ढवळून प्यायचा असतो. गार झालेल्या चहात जमणाऱ्या खड्यांचेही तेच. उलट, क्रिएटिनिन पाण्यात सहज विरघळते. त्यामुळे निर्धास्त वाटणारे नितळ सरबतच जास्त बिघडलेले असू शकते.

मूत्रपिंडासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासताना मात्र पावडर घेत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. क्रिएटिन घेणाऱ्यांत हा आकडा मूत्रपिंड निरोगी असतानाही थोडा वाढलेला दिसू शकतो.