तिरप्या भाराखालील एकदिश तंतू-थराचे अपयश : दोन निकषांचा इतिहास

लाकूड रेषेच्या दिशेने सहज फुटते, रेषेला आडवे तोडणे मात्र कष्टाचे असते. काच किंवा कार्बनचे समांतर तंतू राळेत बसवून केलेल्या एका थराचेही असेच आहे. तंतूंच्या दिशेने ओढल्यास तो पोलादाच्या तोडीचा ठरतो. आडव्या दिशेने ओढल्यास मात्र त्याचे बळ राळेइतकेच, कित्येकदा त्याहूनही कमी भरते. या दोन दिशांच्या मधल्या कोनात ओढल्यास तो केव्हा तुटेल, या प्रश्नाची उत्तरे बदलत कशी गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न प्रथम लाकडाच्या विमानांनी उभा केला. ऑक्सफर्डचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक सी. एफ. जेंकिन यांनी 1920 मध्ये विमानांच्या बांधणीतील पदार्थांवर अहवाल लिहिला. महत्तम प्रतिबलाच्या निकषाचे मूळ त्यातच सांगितले जाते. लावलेला भार तंतूच्या दिशेचा, आडव्या दिशेचा आणि कर्तनाचा अशा तीन घटकांत विभागावा व त्यांपैकी जो घटक आपल्या मर्यादेस प्रथम पोहोचेल त्याने पदार्थ तुटला असे समजावे, ही त्यामागील कल्पना होय. तीन घटक एकमेकांची दखल घेत नाहीत, हे तिचे गृहीतक. पुढच्याच वर्षी, 1921 मध्ये, अमेरिकेत हॅन्किन्सन यांनी स्प्रूसच्या लाकडावरील दाबाच्या चाचण्यांतून कोनाबरोबर सलग उतरत जाणारे सूत्र मांडले. त्यात कोठेही कोपरा नव्हता. पुढील वादाचे बीज येथेच दिसते, जरी हे सूत्र केवळ निरीक्षणावर आधारलेले होते.

दुसरा धागा धातूंचा आहे. रॉडनी हिल यांनी 1948 मध्ये दिशेनुसार गुण बदलणाऱ्या धातूंच्या वाकण्या-वाहण्यासाठी वर्गपदी निकष दिला. व्ही. डी. अझी व स्टीफन त्साय यांनी 1965 मध्ये तो तंतू-थरांना लावला. तोच त्साय–हिल निकष :

σ₁²/X² − σ₁σ₂/X² + σ₂²/Y² + τ²/S² = 1

येथे σ₁ व σ₂ ही तंतूच्या व आडव्या दिशेची प्रतिबले, τ कर्तन प्रतिबल, तर X, Y, S ही त्यांची अनुक्रमे सामर्थ्ये होत. काच-इपॉक्सी थरासाठी पाठ्यपुस्तकांत रूढ असलेले आकडे सुमारे X = 1035, Y = 28 आणि S = 41 मेगापास्कल असे आहेत. तंतूंशी 30 अंशांच्या कोनात थर ताणला, तर महत्तम प्रतिबलाच्या निकषानुसार कर्तनाची मर्यादा आधी गाठली जाते आणि थर 95 मेगापास्कलला तुटावयास हवा. त्साय–हिल निकष 72 सांगतो. त्या क्षणी कर्तन प्रतिबल सुमारे 31, आडवे प्रतिबल 18 असते. म्हणजे दोन्ही आपापल्या मर्यादेच्या आतच असतात. परंतु 31/41 आणि 18/28 यांच्या वर्गांची बेरीज जवळजवळ 1 होते. एकटे कोणीही राळ फोडू शकत नाही, दोघे मिळून फोडतात. परस्परक्रिया ती हीच.

पहिल्या निकषाच्या आलेखात या आकड्यांनुसार सुमारे 2 व 34 अंशांवर तीक्ष्ण कोपरे येतात. काच-इपॉक्सीवरील चाचण्यांत ते दिसले नाहीत. बिंदू सलग वक्राजवळ पडले. निकाल त्साय–हिलच्या बाजूने लागला तो यामुळे.

मात्र चाचणीही निर्दोष नव्हती. तिरप्या तंतूंचा नमुना ताणला की तो लांबतो आणि तिरपाही होऊ पाहतो. यंत्राच्या पकडी हे तिरपेपण अडवतात, म्हणून नमुन्यात वाकण व असमान प्रतिबल निर्माण होते. नमुना इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला दिसला व पकडीजवळ तुटला, तर मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पॅगानो व हॅल्पिन यांनी 1968 मध्ये या अडथळ्याचे विश्लेषण केले. लांब व अरुंद नमुना वापरल्यास दोष घटतो.

त्साय–हिलची खरी उणीव वेगळीच होती. वर्ग घेतल्याने ताण व दाब यांतील भेद हरवतो. प्रत्यक्षात आडवा दाब कर्तनाचा प्रतिकार वाढवतो. त्साय व एडवर्ड वू यांनी 1971 मध्ये एकघाती पदे घालून हा भेद आणला. पण त्यांच्या सूत्रात X व Y यांना जोडणारा एक गुणांक राहिला, जो एकदिश चाचण्यांतून मिळत नाही आणि द्विदिश चाचणी महागडी व नाजूक असते. शिवाय थर तंतू तुटून गेला की राळ फाटून, हे एकच संख्या सांगू शकत नाही. याबाबतीत जुना महत्तम प्रतिबलाचा निकष अधिक बोलका होता. म्हणूनच झ्वी हॅशिन यांनी 1980 मध्ये तंतूंचे अपयश व राळेचे अपयश यांसाठी स्वतंत्र समीकरणे मांडली, आणि परस्परक्रिया प्रत्येक गटाच्या आत ठेवली.