बाळाचे चपटे किंवा वाकडे डोके

तान्ह्या बाळाच्या डोक्याची मागची किंवा एक बाजू चपटी दिसण्याची दोन वेगळी कारणे आहेत. पहिल्यात बाळ सतत एकाच अंगाला डोके टेकवून निजते आणि मऊ कवटी तेथे दबते. याला स्थितिजन्य चपटेपणा किंवा पोझिशनल प्लॅजिओसेफली म्हणतात. दुसऱ्यात कवटीच्या हाडांमधली एखादी शिवण वेळेआधी जुळून घट्ट होते. याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात. पहिले अगदी नेहमीचे आणि बहुधा आपोआप सुधारणारे आहे. दुसरे सुमारे दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळात आढळते आणि त्यावर बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते. वरवर दोन्ही सारखी दिसत असली तरी अनुभवी डॉक्टर बहुतेक बाळांत नुसते पाहून आणि हात लावून ती वेगळी ओळखू शकतात.

कवटीची रचना. जन्मतः कवटीची हाडे सुटी असतात आणि त्यांच्या कडा शिवणींनी जोडलेल्या असतात. कपाळाच्या मधोमध एक शिवण असते, टाळूपासून दोन्ही कानशिलांकडे उतरणाऱ्या दोन, माथ्यावर पुढून मागे जाणारी एक आणि मागच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना दोन. मेंदू वाढतो तशी हाडे या शिवणींशी वाढतात. एखादी शिवण जुळली की तिला काटकोनात होणारी वाढ थांबते आणि इतर दिशांनी भरपाई होते, हा नियम जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी 1851 मध्ये मांडला. कोणती शिवण बंद झाली हे डोक्याच्या आकारावरून सांगता येते ते याच नियमामुळे. माथ्यावरची शिवण जुळली तर डोके लांबट आणि अरुंद होते. क्रॅनिओसिनोस्टोसिसचा हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो. कपाळाची जुळली तर कपाळ त्रिकोणी आणि मध्ये टोकदार दिसते. टाळूच्या एका बाजूची जुळली तर त्या बाजूचे कपाळ मागे सरते, डोळ्याच्या खोबणीची वरची कड वर ओढली जाते आणि नाकाचे मूळ तिकडे झुकते.

कपाळाची शिवण सगळ्याच बाळांत पहिल्या वर्षात बंद होते आणि पुष्कळदा तेथे हाताला कंगोरा लागतो. कपाळाचा आकार ठीक असेल तर त्या कंगोऱ्यावर काहीही करावे लागत नाही.

मागचा चपटेपणा: खरा पेच. पालकांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो डोक्याची मागची एक बाजू चपटी असते तेव्हा, कारण मागची एक शिवण बंद झाली तरीही तीच बाजू चपटी होते. अमेरिकेत 1992 साली बाळांना पाठीवर झोपवण्याची शिफारस झाली. झोपेतले आकस्मिक मृत्यू त्यामुळे मोठ्या प्रमाणात घटले, पण मागे चपट्या डोक्यांची बाळे रुग्णालयांत एकदम वाढली. सिअ‍ॅटल येथील कवटी-चेहरा विकार केंद्राने 1991 ते 1994 या काळातील अशा 102 बाळांची तपासणी 1996 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी फक्त चौघांची मागची शिवण खरोखर बंद होती. उरलेल्या 98 बाळांचा चपटेपणा दाबामुळे आलेला होता. त्याआधी अशी कित्येक बाळे शिवण बंद असल्याच्या समजुतीने शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली होती. फरक वेळीच ओळखण्याचे मोल त्यावरून कळते.

हा फरक वरून पाहिल्यावर उमगतो. बाळाला मांडीवर बसवून, केस ओले करून चापून बसवावेत. आंघोळीनंतरची वेळ यासाठी उत्तम. दोन्ही कानांशी एकेक बोट टेकवले म्हणजे कानांच्या जागा वरून स्पष्ट दिसतात. दाबाचा चपटेपणा असेल तर डोके वरून तिरक्या चौकोनासारखे दिसते. चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो, त्याच बाजूचे कपाळही थोडे पुढे आलेले असते आणि कधी त्या गालाचा उठावही जास्त असतो; अख्खी बाजूच जणू मागून पुढे ढकलली गेलेली. मागची शिवण बंद असेल तर आकार एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसतो. चपट्या बाजूच्या कानामागचे हाड खाली फुगते, विरुद्ध बाजूचा माथा वर आणि मागे उचलला जातो आणि पाठीमागून पाहिले तर कवटीचा तळ एका अंगाला कललेला वाटतो. शिवणीवर बोट फिरवल्यास कडक, न हलणारा कंगोरा लागतो.

पुष्कळ पुस्तकांत कान पुढे असेल तर दाब आणि मागे असेल तर बंद शिवण असे सूत्र दिलेले आढळते. पुढे स्कॅनवर केलेल्या मोजमापांत शिवण बंद असलेल्या काही बाळांचा कानही पुढे सरकलेला दिसला. म्हणून एकट्या कानावर निदान करू नये. कानामागचा फुगवटा आणि तळाचा कल ही खूण अधिक भरवशाची मानली जाते.

इतिहास आणि काळ. कधीपासून, हा प्रश्न आकाराइतकाच महत्त्वाचा आहे. प्रसूतीच्या वेळी हाडे एकमेकांवर चढल्याने जन्मतः लांबट दिसणारे डोके बहुधा आठवडाभरात गोल होते. दाबाचा चपटेपणा जन्मानंतर पाच-सहा आठवड्यांत दिसू लागतो, चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वांत ठळक असतो आणि बाळ पालथे पडू, बसू लागले की ओसरतो. न्यूझीलंडमधील एका पाहणीत चार महिन्यांच्या सुमारे 20 टक्के बाळांत तो आढळला, तर दोन वर्षांच्या वयात 3.3 टक्के मुलांत. बंद शिवणीचा आकार जन्मापासूनच असतो आणि बाळ बसू लागले तरी सुधारत नाही, उलट वाढत जातो.

दोन गोष्टींमुळे खोटा दिलासा मिळतो. टाळू उघडी आहे म्हणून शिवणी उघड्या आहेत असे ठरत नाही. माथ्याची शिवण पूर्ण बंद असूनही टाळू उघडी राहू शकते. तसेच डोक्याचा घेर ठीक वाढतो आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही, कारण लांबट डोक्यात लांबीची वाढ रुंदीची उणीव भरून काढते. घेर वाढण्याचे थांबले किंवा टाळू फुगली मात्र तातडीने दाखवावे. हातापायांची बोटे जुळलेली असतील तर एकाहून अधिक शिवणी बंद असलेल्या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो.

एक नमुना. गोंदिया शहराजवळच्या नागरा येथील एक बाळ चौदा आठवड्यांच्या लसीसाठी आणले आहे असे समजू. डोके मागे उजवीकडे चपटे आहे. आईच्या सांगण्यानुसार जन्मतः डोके गोल होते आणि दीड महिन्यानंतर फरक जाणवला. पाळणा भिंतीला लागून असल्याने दार, उजेड आणि येणारीजाणारी माणसे सगळे बाळाच्या उजव्या हाताला. तपासताना बाळ उजवीकडे पूर्ण मान वळवते, डावीकडे मात्र अर्ध्यावर थांबते. वरून पाहता उजवा कान बोटभर पुढे आहे, उजवे कपाळ किंचित उठलेले आहे, कानामागे फुगवटा नाही, कंगोरा लागत नाही. घेर जन्मतः 33.5, सहा आठवड्यांनी 37 आणि आता 39.5 सेंटिमीटर. डोक्याचे दोन कर्ण कॅलिपरने मोजल्यास एक दुसऱ्यापेक्षा 10 मिलिमीटरने मोठा भरतो. ही सगळी चिन्हे दाबाकडे बोट दाखवतात आणि त्यामागे आखडलेली मान आहे. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागत नाही. मानेचे व्यायाम दाखवून, पाळण्यात डोक्याची बाजू उलट करून सहा आठवड्यांनी पुन्हा कर्ण मोजले आणि फरक 7 मिलिमीटरवर आला, तर निदान पक्के झाले.

याच बाळाच्या कानामागे फुगवटा असता, मान दोन्हीकडे मोकळी वळत असती आणि चपटेपणा जन्मापासूनचा असता, तर रस्ता वेगळा झाला असता. प्रथम शिवणींची सोनोग्राफी करता येते. पहिल्या काही महिन्यांत ती चांगली माहिती देते आणि तिच्यात किरणांचा धोका नसतो. शंका उरली किंवा शस्त्रक्रिया ठरली, तरच त्रिमिती सीटी स्कॅन.

गोंधळात टाकणारी इतर कारणे. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने कवटी मऊ पडून लवकर दबते. मुडदूसात कपाळ पुढे येते. मेंदूचीच वाढ कमी असेल तर डोके लहान राहते. तेथे शिवण हे मूळ कारण नसते.

उपचार. बाळाला झोपवायचे ते पाठीवरच. जागेपणी, कोणी जवळ असताना, दिवसातून अनेकदा काही मिनिटे पालथे घालावे. पाजताना कुशीची बाजू बदलावी. आखडलेल्या मानेवर फिजिओथेरपी हा खरा उपचार आहे. मालिश करताना डोके दाबून गोल करण्याची रीत घरोघरी दिसते. हलक्या हाताने तेल लावण्याला हरकत नाही, पण दाबून आकार बदलत नाही आणि बंद शिवण मालिशने उघडत नाही. डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी देतात. झोपेत बाळाच्या डोक्याखाली किंवा आजूबाजूला उशी असणे श्वास कोंडण्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे, म्हणून ती टाळावी. आकार देणाऱ्या हेल्मेटबद्दल एकमत नाही. नेदरलँड्समधील 2014 च्या चाचणीत मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या 84 बाळांत हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या गटांत दोन वर्षांच्या वयात सुधारणेचा फरक दिसला नाही. अति तीव्र आणि आखडलेल्या मानेची बाळे त्या चाचणीत नव्हती.

बंद शिवणीवर शस्त्रक्रिया दोन प्रकारे होते: दुर्बिणीतून लहान छेदाने, साधारण तीन-चार महिन्यांच्या वयात, किंवा कवटी उघडून पुनर्रचना, बहुधा सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान. पहिली संधी लवकर निघून जाते, म्हणून उशीर महागात पडतो.

कोठे दाखवावे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा सेविका पहिल्या 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत तपासणी करतात. नागरा परिसरातील बाळे पुढे गोंदियातील बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात व तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात पाठवता येतात. बंद शिवणीचा संशय आला तर बालमेंदूशल्यचिकित्सेसाठी रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. लसीकरणासाठी बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी तसेही आणले जाते. त्या तिन्ही वेळी डोके वरून पाहून घ्यावे आणि जन्मापासूनचा वाकडेपणा असेल तर चौदाव्या आठवड्याची वाट न पाहता सहाव्या आठवड्यालाच डॉक्टरांना दाखवावा.